सारख्या वजनाची दोन लेकरं

गंगासागरला काळजी करायची सवय होती. दुकानाचं शटर ओढून नवरा घरी आला की ती विचारायची, कुलूप ओढून पाहिलं का? शंकरप्पा म्हणायचा, पाहिलं. मग थोड्या वेळानं ती स्वतः जाऊन ओढून यायची. उदगीरकडची मुलगी लग्न होऊन आष्टी तालुक्यातल्या या आडगावात आली, बारावी झालेली म्हणून अंगणवाडी सेविका झाली, आणि घरातली काळजी कमी होती की काय म्हणून गावातल्या सगळ्या लेकरांची काळजी तिच्या मागं लागली. कुणाचं लेकरू दोन दिवस दिसलं नाही की ती मदतनीस सुभद्राबाईला पाठवायची. सुभद्राबाई जायची, पण कुरकुरत. "ताई, ते मामाच्या गावाला गेलंय आसंल," म्हणायची. आणि बहुतेक वेळा ते मामाच्याच गावाला गेलेलं असायचं.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आली. गाव भरलं. अंगणवाडीत पुन्हा कालवा सुरू झाला. छबुबाईची दोन्ही नातवंडंही त्यात होती. दोघं चुलत भावंडं. थोरल्या मुलाचा आदिनाथ, आणि धाकट्या राधाकिशनची संस्कृती. दोघांच्या जन्मात महिन्याचं अंतर, दोघंही अडीच वर्षांच्या आसपास. आदिनाथ आणि त्याची आई सुनिता हिवाळाभर गावातच होती. संस्कृती मात्र आईबापाबरोबर तोडीवर गेली होती.

वजनाच्या दिवशी छबुबाई दोघांना घेऊन आली. आदिनाथ बुटका, गोल तोंडाचा, खोडकर. संस्कृती त्याच्यापेक्षा डोकंभर उंच. बापावर गेली होती. राधाकिशन दारातून आत येताना वाकायचा, तशी ही पोरगीही उंच होणार, असं सगळे म्हणायचे.

गंगासागरनं अंगावरचे कपडे काढायला लावून आदिनाथला काट्यावर उभं केलं. दहा किलो शंभर. नंतर संस्कृती. तिच्या पायातले वाळे काढले, फ्रॉक काढला. दहा किलो शंभर.

"सारखंच की," छबुबाई म्हणाली. "पर ह्यो बगा ना कसा ऱ्हायलाय. पोरगी वाढायली आन् पोरगा तसाच. ह्याचं कायतरी करा बाई तुमी."

गंगासागरनं दोघांची कार्डं काढली. कार्डावर आडवं वय, उभं वजन, आणि मधून वर चढत गेलेल्या रेषा. आदिनाथचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडला. त्याच्या वयाच्या मुलासाठी वजन कमी. मुलींच्या रेषा थोड्या खाली असतात, त्यामुळं तेवढ्याच वजनाचा संस्कृतीचा ठिपका हिरव्यात पडला. अगदी काठावर, पण हिरव्यात.

"पोरीचं ठीक हाय म्हणा की," छबुबाई म्हणाली आणि तिला फ्रॉक चढवायला लागली.

गंगासागर पोरीकडं बघत राहिली. फ्रॉक डोक्यातून आत जाताना पोरीनं हात वर केले, आणि पाठीवरची दोन्ही खवाटी, खांद्यामागची चपटी हाडं, वर आली. तोडीवर जायच्या आधी ही पोरगी सुभद्राबाईच्या मागं मागं पळायची. आज काट्यावर उभी केली तिथंच उभी राहिली होती. खाली उतर म्हटल्यावर उतरली. रडली नाही, हसली नाही.

उंची मोजायचं स्टँड त्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत नेलेलं होतं. दोन्ही ठिकाणांना मिळून एकच चांगलं होतं. गंगासागर छबुबाईला म्हणाली, "उद्या दोघांना पुन्हा आणा मावशी. उंची घ्यायची राहिलीय."

"उंची कावून? ती तर दिसतीच की."

"आणा तरी."

दिवसभर तिच्या मनातून ती खवाटी जाईनात. पर्यवेक्षिका मॅडमनी प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगितलेलं तिला आठवत होतं. एका लेकराला तीन प्रश्न विचारायचे. वयाच्या मानानं उंची किती? ती फार कमी असेल तर तो बुटकेपणा. लेकराला पुष्कळ दिवसांपासून पुरेसं मिळालेलं नाही, वरचेवर आजारपणं झालीत. उंचीच्या मानानं वजन किती? ते फार कमी असेल तर लुकडेपणा. लेकरू आत्ता, या महिन्यात झिजतंय. आणि वयाच्या मानानं वजन किती? ते कमी असेल तर नुसतं कमी वजन. पण हा तिसरा प्रश्न एकटा विचारला तर फसवतो. लेकरू बुटकं असलं तरी वजन कमी भरतं, झिजलेलं असलं तरी कमी भरतं, आणि उंच लेकरू झिजत असलं तर ते कमी भरतही नाही.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईनं सकाळीच स्टँड आणलं. दोघं दोन वर्षांच्या वरची, म्हणून उभी मोजायची. आदिनाथला धरून उभं करायला दोघी लागल्या. टाचा, पोटऱ्या, ढुंगण, खवाटी, डोक्याची मागची बाजू फळीला लागलेली, नजर समोर. एक्क्याऐंशी सेंटिमीटर.

संस्कृतीला धरावं लागलं नाही. चौऱ्याण्णव भरली. गंगासागरनं वरची पट्टी उचलून पाहिलं. पोरीच्या टाळूवर रबर लावून केसांचा झुबका बांधलेला होता, पट्टी त्याच्यावर टेकली होती. तिनं रबर सोडलं, केस खाली केले आणि पुन्हा मोजलं. त्र्याण्णव. परत एकदा मोजलं. त्र्याण्णवच.

मोबाइलमधल्या ॲपमध्ये तिनं आधी आदिनाथचे आकडे भरले. उंची वयाच्या मानानं: तीव्र बुटका. वजन वयाच्या मानानं: कमी. वजन उंचीच्या मानानं: साधारण. मग संस्कृतीचे. उंची: साधारण. वयाच्या मानानं वजन: साधारण. उंचीच्या मानानं वजन: लाल. तीव्र कुपोषित.

तिला वाटलं, आपण आकडा चुकीचा टाकला. तिनं भिंतीवरचा तक्ता पाहिला. त्र्याण्णव सेंटिमीटर उंचीच्या मुलीसमोर शेवटचा आकडा होता दहा किलो चारशे. त्याच्याखाली गेलं की तीव्र. पोरगी दहा किलो शंभर. म्हणजे केसांचा झुबका धरला असता तर आणखीच खाली दिसली असती, तो सोडूनही ती खालीच होती.

दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर ती पिवळ्यावर थांबली, लालवर नाही. तेवढ्यानं गंगासागरला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच आठवलं की तेवढ्यानं सुटका होत नाही. दंडाची पट्टी आणि उंचीवरचं वजन, दोन्हीपैकी एक जरी तीव्रमध्ये गेलं तरी लेकरू तीव्रच. तिनं दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठा दाबून धरला, सूज आहे का पाहायला. खळगा पडला नाही. मग सुभद्राबाईला गरम खीर आणायला सांगितली. भूक तपासायची होती.

छबुबाईनं पोरीला मांडीवर घेतलं, चमचा तोंडाशी नेला. संस्कृतीनं तोंड फिरवलं. पाणी पाजून, थांबून, पुन्हा दिला. एक चमचा आत गेला आणि ओठांच्या कडेनं खाली आला. शेजारी आदिनाथ स्वतःची वाटी संपवून तिच्या वाटीकडं बघत होता.

"तोडीवरनं आल्यापासून आसंच हाय," छबुबाई म्हणाली. "मधी हगवण लागली होती, मंग खोकला. आता खोकला बी कमी हाय. दात येयले आसतील."

"मावशी, हिला दवाखान्यात न्यावं लागंल. बीडला. तिथं अशा लेकरांसाठी वेगळा वॉर्ड हाय, आईलाबी राहता येतंय."

छबुबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं काही गंगासागरनं नाव चुकवलंय. "हिला? आन् ह्याला?"

"ह्याला आत्ता नाही. हिला."

---

संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. राधाकिशन अंगणात पिकअपवाल्याशी फोनवर बोलत होता. कडा गावाच्या पलीकडं उन्हाळी कांदा काढायला जायचं ठरलेलं होतं. त्याची बायको सत्यशीला चुलीपुढं होती. गंगासागरनं सांगितलेलं तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापताच म्हणाली, "ताई, माझी पोरगी ह्या घरात सगळ्यात चांगली वाढलीय. तुमी तिलाच कुपोषित म्हणायला लागलात."

सुनिता दाराच्या आत उभी होती. आपल्या पोराला बुटक्या म्हणतात हे तिनं दोन वर्षं ऐकलं होतं. ती तिथून हलली नाही.

"तशी नाही वाढली म्हणत मी," गंगासागर म्हणाली. "उंची चांगलीच हाय तिची. म्हणूनच तर."

राधाकिशननं फोन ठेवला. "मला समजून सांगा. दोघांचं वजन सारखं. एकाला कमी म्हणता, एकीला ठीक म्हणता, आन् जिचं ठीक हाय तिला दवाखान्यात न्या म्हणता. आमी अडाणी हाव, पर इतकं तर कळतंय."

गंगासागर ओट्यावर बसली. हे समजावणं तिला कधीच सोपं गेलं नव्हतं. तिलाही नीट कळायला दोन प्रशिक्षणं लागली होती.

"हे बगा दादा. देशोदेशीची अशी लेकरं घेतली, ज्यांना खायला-प्यायला नीट, आजारात औषध वेळेवर. त्यांची मापं घेतली. मग पाहिलं, त्र्याण्णव सेंटिमीटरच्या पोरींचं वजन किती असतंय. मधल्या पोरीचं भरलं तेरा किलो चारशे."

"तेरा?"

"हां. आता सगळ्या तेवढ्याच नसतात. कुणी वर, कुणी खाली. किती खाली गेलं तर चालतंय, त्याच्या पायऱ्या केल्यात. पहिली पायरी बारा किलो तीनशे. तितकं खाली पुष्कळ पोरी असतात, काही बिघडत नाही. दुसरी पायरी अकरा तीनशे. त्याच्या खाली शंभरात दोन-तीनच. तिथून लुकडी म्हणायचं. तिसरी पायरी दहा चारशे. त्याच्या खाली चांगल्या लेकरांत हजारात एखादं. तुमची पोरगी त्या तिसऱ्या पायरीच्या खाली गेलीय. उणे तीनच्या खाली, असं लिहितो आमी."

"आन् आदिनाथ?"

"आदिनाथ उंचीत तिसऱ्या पायरीच्या खाली. त्याच्या वयाचं पोरगं ब्याण्णवच्या आसपास पाहिजे, त्यो एक्क्याऐंशी. ते काय चांगलं नाही. पर जेवढा हाय त्या मानानं त्याच्या अंगावर मांस हाय, त्यो खातोय, पळतोय. ते दुखणं मागच्या दोन वर्षांचं. हिचं आजचं हाय. हिच्या अंगावरचं गेलंय, आन् अशा लेकराला साधा खोकला झाला तरी..." ती थांबली. पुढचं तिला म्हणायचं नव्हतं.

राधाकिशननं फोन पुन्हा हातात घेतला. "सकाळी बगू," तो म्हणाला.

घरी परतताना गंगासागरनं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी भुकेचं विचारलं, श्वासाचं विचारलं. "उद्या सकाळी पहिलं तिलाच घेऊन या. गाडी मी सांगून ठेवतो," ते म्हणाले. तिला थोडा धीर आला. पण 'बगू' हा शब्द काही तिच्या डोक्यातून गेला नाही. रात्री जेवताना शंकरप्पानं भाजीत मीठ नाही असं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं तिला ऐकू आलं.

---

सकाळी ती गेली तेव्हा अंगणात छबुबाई आदिनाथला आंघोळ घालून, काजळ लावून, नवा शर्ट घालून बसली होती. सुनिता पिशवी घेऊन तयार होती.

"पोरगी कुठं?"

"गेले ते. पिकअप आलती उजाडायच्या आत." छबुबाई तिच्याकडं बघत नव्हती. "तिचं ठीक हाय बाई. ह्याला न्या. नारायणगडाला नवस बोललेय मी ह्याच्या उंचीचा. दवाखान्यात बी दाखवू."

"सत्यशीलाचा फोन?"

"लागत न्हाई तिकडं."

गंगासागर तिथंच उभी राहिली. सुनितानं पिशवी खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "ताई, कड्याच्या पुढं गेलेत. रस्त्याला लागून कांदा साठवायची मोठी चाळ हाय, तिथं कांदा काढायलेत म्हणत होते." छबुबाईनं सुनेकडं वळून पाहिलं. सुनिता आदिनाथचा शर्ट उगाच नीट करायला लागली.

शंकरप्पानं नुकतंच दुकान उघडलं होतं. गंगासागरला येताना पाहून त्यानं काही न विचारता शटर खाली ओढलं आणि मोटारसायकल काढली. वाटेत तिनं त्याला दोनदा हळू चालवायला सांगितलं आणि तीनदा लवकर चालवायला. ऊन चढत होतं. काढलेल्या कांद्याचा वास रस्त्यावर यायला लागला. दोन शेतांत विचारलं, तिथं नव्हते. तिसऱ्या ठिकाणी कांद्याची चाळ दिसली, बायांची रांग दिसली, आणि रांगेच्या पुढं वाकलेला राधाकिशन दिसला. तो ताठ झाला की सगळ्यांत उंच.

"पोरगी कुठंय?"

त्यानं लिंबाच्या झाडाकडं हात केला.

झाडाखाली गोणपाटावर संस्कृती झोपलेली होती. अंगावर सत्यशीलाची ओढणी टाकलेली. गंगासागरनं खाली बसून तिचा तळहात धरला. एवढ्या उन्हात तो गार होता. पाय गार. "संस्कृती," ती म्हणाली, "ए बाळा." पोरीनं डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. छाती भराभर वर-खाली होत होती.

सत्यशीला पळत आली. तिच्या हातांना माती होती. "सकाळी दूध घेतलं थोडं. झोपू दे म्हणलं तिला."

"हात लाव तिला," गंगासागर म्हणाली. "पायाला लाव."

सत्यशीलानं मातीचे हात ओढणीला पुसले, पोरीचा पाय धरला, आणि तशीच खाली बसली.

गंगासागरनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. शेतावर चहाची साखर होती, ती मागून घेतली, पाण्यात ढवळली. पोरीला जागं करून, उठवून बसवून, चमच्याच्या टोकानं थेंब थेंब ओठात सोडत राहिली. गिळतीये ना, एवढंच ती बघत होती. गिळत होती. सत्यशीलाच्या पोलक्याच्या आत, उघड्या छातीशी पोरीला धरायला लावलं आणि वरून ओढणी गुंडाळली.

राधाकिशन मागं उभा होता. "पायऱ्या म्हणला होतात तुमी काल," तो म्हणाला. "अजून किती खाली हाय?"

"माहीत नाही दादा. चला."

शंकरप्पानं दोघींना पोरीसह मोटारसायकलवरून आरोग्य केंद्रात आणलं, तिथं डॉक्टर बाहेरच उभे होते. त्यांनी बोट टोचून साखर पाहिली, छाती ऐकली, एक इंजेक्शन दिलं, आणखी साखरपाणी पाजून घेतलं आणि रुग्णवाहिकेत बसवलं. गावची आशा कार्यकर्ती एका बाळंतिणीबरोबर गेलेली होती, म्हणून गंगासागरच बसली. पाटोद्याच्या पुढं रस्ता खराब होता. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी वळणं घेत होती आणि सत्यशीला विचारत होती, "ताई, श्वास चाललाय ना?" गंगासागर हो म्हणायची. पुन्हा बघायची. पुन्हा हो म्हणायची. एका वळणावर पोरीनं डोळे उघडून आईच्या हनुवटीकडं पाहिलं, तेव्हा सत्यशीलाला पहिल्यांदा रडू आलं.

---

बीडच्या वॉर्डात दहा-एक खाटा होत्या. भिंतीवर हत्ती आणि मोर रंगवलेले. डॉक्टर बाई तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. त्यांनी पोरीचं पुन्हा वजन केलं, पुन्हा उंची मोजली. आकडे तेच आले, वजन थोडं खालीच. गंगासागरच्या मनात अजूनही एक कोपरा होता, जिथं तिला वाटत होतं की आपलं माप चुकलेलं निघावं. तो कोपरा तिथं मिटला.

"फुफ्फुसात संसर्ग आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"पर ताप न्हाई तिला," राधाकिशन म्हणाला. तो मागून एसटीनं आला होता.

"इतक्या झिजलेल्या मुलांना बऱ्याचदा येत नाही. ताप यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. उलट अंग गार पडतं, तेच वाईट." त्यांनी नाकातून बारीक नळी घातली. दूध दिलं ते अगदी थोडं, आणि दर दोन तासांनी.

सत्यशीलाला ते पटेना. "एवढंसं? उपाशी हाय माझी पोरगी. पोटभर द्या ना."

"एकदम पोटभर दिलं तर तिच्या हृदयाला झेपणार नाही. आधी शरीर स्थिर करू. वजन नंतर."

गंगासागर दुसऱ्या दिवशी गावी परतली. अंगणवाडी होती, आणि सुभद्राबाईवर सगळं टाकून चालत नव्हतं. पण तिचं लक्ष फोनकडं. सत्यशीलाचा फोन आला नाही तर ती घाबरायची, आला तर उचलायच्या आधी घाबरायची. पहिले काही दिवस वजन वाढलंच नाही. छबुबाई अंगणवाडीत आली आणि दारातच उभं राहून म्हणाली, "नळ्या घातल्यात म्हणं तिच्या नाकात. घेऊन या माझ्या पोरीला. मरायचं आसंल तर घरी मरंल." तिच्या आवाजात राग नव्हता. गंगासागरनं म्हातारीला बसवलं, पाणी दिलं.

मग एका सकाळी सत्यशीलाचा फोन आला. पलीकडून आधी काही ऐकूच येईना, नुसतं रडणं. गंगासागर दाराची चौकट धरून उभी राहिली.

"काय झालं? सत्यशीला, काय झालं?"

"ताई, रडायलीय ती. भुकेनं रडायलीय. वाटी द्यायला उशीर झाला म्हणून मारलं मला."

सुभद्राबाईनं विचारलं, काय झालं, तर गंगासागरनं फोन तसाच तिच्या कानाला लावला.

नळी निघाली. छाती मोकळी झाली. दूध बदललं, मग खिचडी आली, शेंगदाण्याची पेस्ट आली. वजन आता रोज थोडं थोडं चढायला लागलं. क्षयाची तपासणीही झाली, ती ठीक आली. राधाकिशननं त्या हंगामात पुन्हा कांद्यावर जायचं सोडून गावातच रोजगार धरला. दोनेक आठवड्यांनी पोरीला घरी सोडलं, पण डॉक्टर बाईंनी सत्यशीलाला बजावून सांगितलं की ही बरी होत आलीय, झालेली नाही. घरी आल्यावर गंगासागर दर आठवड्याला वजन घेत राहिली. पहिल्यांदा तिसरी पायरी ओलांडली तेव्हा तिनं सत्यशीलाला सांगितलं. दुसरी ओलांडायला पावसाळा अर्धा जावा लागला. तेव्हा संस्कृती चौऱ्याण्णव सेंटिमीटर होती, केस खाली सोडून, आणि अकरा किलो आठशे. त्या दिवशी काट्यावरून उतर म्हटल्यावर ती उतरली नाही. तिला पुन्हा चढायचं होतं.

त्याच दिवशी सगळ्या गेल्यावर सुनिता मागं राहिली. आदिनाथ बाहेर सुभद्राबाईच्या झाडूशी भांडत होता.

"ताई, एक विचारू? संस्कृतीचं झालं. माझ्या पोराचं काय?"

गंगासागरला हा प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि ती त्याला टाळत आली होती. आदिनाथ त्र्याऐंशीवर आला होता. वाढला होता, पण त्याच्या वयाची रेषाही तितकीच पुढं गेली होती. ॲपमध्ये त्याच्या नावापुढं तोच शब्द येत होता.

"खरं सांगू का सुनिता? वजन गेलेलं दोन-चार महिन्यांत आणता येतंय. उंची राहिलेली तशी येत नाही. ती पोटात असल्यापासून दोन वर्षं होईपर्यंत जास्त ठरती. त्याला अंडं, डाळ, दूध देत जा, आजारी पडू देऊ नको, पाणी उकळून दे. थोडी भरून निघंल. सगळी निघंल असं मी नाही म्हणत."

सुनितानं मान हलवली. तिला आणखी चांगलं काही ऐकायचं होतं, पण तिनं ते मागितलं नाही. "म्हंजे त्याचं चुकलं ते माझ्या पोटात असतानाच."

"तुझं नाही चुकलं. त्या वर्षी तू पोटुशी असतानाही तोडीवर उसाच्या मोळ्या वाहत होतीस. मला माहीत हाय."

सुनितानं बाहेर पोराकडं पाहिलं. मग पदर सारखा करत, खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, मला दोन महिने झालेत."

गंगासागरच्या डोक्यात लगेच हिशोब सुरू झाला. हिमोग्लोबिन किती असेल, लोहाच्या गोळ्या घेईल का, दिवाळीनंतर हे पुन्हा तोडीवर जायचं म्हणतील, छबुबाई काय म्हणेल. तिनं सुनिताचा हात धरून तिला काट्याकडं नेलं.

"चप्पल काढ," ती म्हणाली. "आधी तुझंच वजन घेऊ."